फाइल पुन्हा पुन्हा परत येते: संहितेला जोडायची एक्स्पोर्ट यादी

एडिट पूर्ण झालं, सगळ्यांनी मान्यता दिली, फाइल पाठवली, आणि दोन दिवसांत ती परत आली. टीव्हीवाले म्हणतात आवाज मर्यादेबाहेर आहे. यूट्यूबवर पाहणारा म्हणतो संवाद ऐकूच येत नाहीत. थिएटरमध्ये सबटायटल संवादांच्या पुढे पळतात. उभ्या क्लिपमध्ये बोलणाऱ्याचं अर्धं तोंड फ्रेमबाहेर. मग एडिटर रात्री बसून सेटिंग बदलतो, नवी फाइल काढतो, आणि पुढच्या फिल्मला पुन्हा हेच होतं.

बरीच वर्षं मीसुद्धा याचं उत्तर एक्स्पोर्टच्या खिडकीत शोधत होतो. बिटरेट वाढव, कोडेक बदल, प्रीसेट बदल. पण परत आलेल्या फाइली एकेक करून तपासल्या तेव्हा दिसलं की बहुतेक दोष एक्स्पोर्टच्या आधीचे होते. काही मिक्सिंगमधले, काही शूटिंगमधले, आणि त्यांचं मूळ बरेचदा संहितेतल्या एखाद्या साध्या ओळीत. म्हणून आता माझ्याकडे संहिता पक्की झाली की तिच्या शेवटच्या पानामागे एक यादी जोडलेली असते. फिल्म कुठे कुठे जाणार आणि त्या प्रत्येक ठिकाणासाठी संहितेतली कोणती जागा अडचणीची आहे, हे तिच्यात असतं.

ही यादी कशी बनते ते एका उदाहरणातून सांगतो. सगळ्यात जास्त वेळ आवाजावर घालवणार आहे, कारण सर्वात जास्त फाइली आवाजामुळेच परत येतात.

आकडा बरोबर, तरी संवाद ऐकू येत नाहीत

१४ मिनिटांची एक कथा-फिल्म होती. ती टीव्ही वाहिनीला, यूट्यूबवर आणि एका महोत्सवाला जाणार होती, शिवाय तिच्यातून उभ्या क्लिप काढायच्या होत्या. संहितेत दोन ओळी होत्या ज्यांच्याकडे तेव्हा कुणी आवाजाच्या दृष्टीने पाहिलं नव्हतं. मधल्या एका प्रसंगात ‘दार धाडकन आपटतं’ आणि अगदी शेवटी ‘गाणं चढत जातं, त्यावर श्रेयनामावली’.

मिक्स तयार झाल्यावर मी पूर्ण फाइल मोजली. त्यासाठी महागडं मीटर लागत नाही, एफएफएमपेग हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं:

```
ffmpeg -i master.mov -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी जो सारांश छापला जातो त्यात दोन आकडे महत्त्वाचे. `Integrated loudness` खालचा `I` म्हणजे `LUFS` या एककात पूर्ण फिल्मची सरासरी श्राव्य पातळी, आणि `True peak` खालचा `Peak` म्हणजे आवाजाचं सर्वात उंच टोक. या फिल्मची सरासरी उणे १९.९ निघाली आणि टोक उणे ०.३. टोक अर्थातच त्या दाराचं होतं.

वाहिनीच्या कागदावर युरोपीय प्रसारण संघाची आर १२८ ही शिफारस लिहिलेली होती. तिच्यात सरासरी उणे २३ हवी, अर्धा इकडेतिकडे चालतो, आणि टोक उणे १ च्या वर जाता कामा नये. दोन्ही बाबतीत फाइल नापास, त्यामुळे ती परत आली. मी तेव्हा सर्वात सोपी गोष्ट केली. पूर्ण आवाजपट्टी ३.१ डेसिबल खाली ओढली. सरासरी उणे २३ झाली, टोक उणे ३.४ वर आलं, फाइल पास झाली. आणि प्रसारणानंतर तक्रार आली की संवाद ऐकू येत नव्हते.

वाहिनीचा आकडा पूर्ण बरोबर होता आणि तक्रारही पूर्ण खरी होती. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे फिल्मचे तुकडे वेगळे मोजल्यावर कळलं. श्रेयनामावली १२ मिनिटं ३० सेकंदांवर सुरू होत होती. तिथून पुढचे ९० सेकंद वेगळे मोजायचे तर:

```
ffmpeg -ss 00:12:30 -t 90 -i master.mov -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटचं गाणं उणे १२ वर होतं. त्याआधीची साडेबारा मिनिटं, म्हणजे जवळपास सगळे संवाद, उणे २४ वर. फरक १२ डेसिबलचा. ही सरासरी डेसिबलची नसते, ऊर्जेची असते, आणि १२ डेसिबल म्हणजे ऊर्जेत जवळपास १६ पट. त्यामुळे दीड मिनिटाच्या गाण्यात साडेबारा मिनिटांच्या संवादांच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा भरलेली होती. सरासरी उणे २४ वरून उणे १९.९ पर्यंत चढवली ती एकट्या गाण्याने. मग मी पूर्ण पट्टी खाली ओढली तेव्हा शिक्षा संवादांना झाली. ते उणे २७.१ वर जाऊन बसले.

यावर खरा उपाय मिक्समध्येच होता. गाणं ८ डेसिबल खाली, म्हणजे उणे २० वर आणलं. संवादांना हातही लावला नाही. पुन्हा मोजल्यावर पूर्ण फिल्मची सरासरी उणे २३.३ आली, म्हणजे वाहिनीच्या अर्ध्याच्या सवलतीत, आणि संवाद मूळच्या उणे २४ वरच राहिले. गाणं आता संवादांपेक्षा ४ डेसिबलने मोठं होतं. श्रेयनामावलीला तेवढं उठून दिसणं पुरेसं असतं. दिग्दर्शकाला आधी ते दबल्यासारखं वाटलं, पण स्टुडिओतले मोठे स्पीकर बंद करून साध्या टीव्हीवर ऐकवलं तेव्हा मान्य झालं.

दाराचं काय? ते मी वेगळं हाताने उणे ८ वर आणलं. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. असा एकच आवाज खुपत असेल तर पूर्ण पट्टीवर लिमिटर लावून तो चेपू नका. त्या एका क्लिपची पातळी उतरवा. दार आपटल्याचा धक्का डेसिबलमधून कमी आणि त्याआधीच्या शांततेतून जास्त येतो. दाराआधीचे दोन सेकंद मोकळे ठेवले तर उतरवलेलं दारही दचकवतं.

तीच फाइल यूट्यूबवर

यूट्यूबची संदर्भ पातळी उणे १४ आहे. त्यापेक्षा मोठ्या आवाजाची फाइल तो खाली आणतो, पण बारीक आवाजाची फाइल मुळात वर उचलत नाही. प्लेअरवर उजवं क्लिक करून `Stats for nerds` उघडलं की `content loudness` असा आकडा दिसतो. आमची पहिली फाइल तिथे `-5.9dB` दाखवत होती, म्हणजे संदर्भापेक्षा ५.९ ने बारीक. तिथला आकडा अधिक असेल तर फाइल तेवढी खाली आणली जाते, उणे असेल तर आहे तशी वाजते. आधीचा व्हिडिओ उणे १४ वर ऐकून आलेल्या माणसाला आमचे संवाद १० डेसिबलने बारीक वाटत होते. तक्रार त्यामुळेच.

टीव्हीची फाइल तशीच यूट्यूबवर टाकणं ही म्हणूनच सर्वात नेहमीची चूक. आवाज दोन ठिकाणांसाठी दोनदा काढावाच लागतो. दुरुस्त मिक्स उणे २३.३ वर होता आणि त्याचं टोक आता उणे ८ होतं. उणे १४ गाठायला ९.३ डेसिबल उचलावं लागलं असतं, टोक अधिक १.३ वर गेलं असतं आणि लिमिटरला दोनसव्वादोन डेसिबल कापावे लागले असते. मी उणे १६ वर थांबलो. ७.३ उचलल्यावर टोक उणे ०.७ वर येतं आणि लिमिटर उणे १ वर ठेवला तर तो फक्त दाराच्या क्षणी जागा होतो. संदर्भापेक्षा २ डेसिबल कमी राहिल्याने कुणाचं अडत नाही, पण चेपलेले संवाद कानाला लगेच थकवतात. ज्यांच्या फिल्ममध्ये फक्त निवेदन आणि संगीत आहे त्यांनी खुशाल उणे १४ गाठावं.

मोठ्या ओटीटीकडे जाणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. नेटफ्लिक्सची मागणी उणे २७ ची आहे, दोन इकडेतिकडे, आणि टोक उणे २ पर्यंत. पण तिथली सरासरी पूर्ण फिल्मची नसून फक्त संवादांची मोजली जाते. वरच्या हिशेबात गाण्याने केलेला घोटाळा या पद्धतीत होत नाही. उलट, दोन कागदांवरचे २३ आणि २७ हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका, कारण दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात.

आणखी एक जागा जिथे मीटर साथ देत नाही ती म्हणजे कुजबुज. आर १२८ चं मोजमाप करताना सरासरीपेक्षा १० ने खालचे तुकडे गाळले जातात, नाहीतर शांतताच सगळी सरासरी पाडेल. आमच्या पहिल्या फाइलमध्ये ही गाळणी उणे ३० च्या जवळ बसत होती. कुजबुजीचा एक प्रसंग उणे ३३ वर होता, म्हणजे तो मोजणीत धरलाच गेला नव्हता. असा प्रसंग कितीही बारीक असला तरी आकड्यावर परिणाम होत नाही आणि मीटर हिरवंच राहतं. तो कानानेच तपासावा लागतो, तोही फोनच्या स्पीकरवर.

यातून यादीत तीन ओळी आल्या: संहितेतला सर्वात मोठा आवाज कोणत्या पानावर, सर्वात हळू बोललेलं वाक्य कोणत्या पानावर, आणि गाणं कुठे सुरू होऊन किती वेळ चालतं. संहितेत ‘धाडकन’ आणि ‘कुजबुजत’ हे शब्द कुठे आहेत ते शोधायला पाच मिनिटं लागतात. मिक्सिंग करणाऱ्याला ती पानं आधी माहीत असली की तो त्याच जागा पहिल्यांदा ऐकतो.

सबटायटल जुळत नाहीत तेव्हा

आधी एवढंच पाहा की फरक कायम तेवढाच राहतो की वाढत जातो. पहिलं सबटायटल दोन सेकंद आधी आणि शेवटचंही दोनच सेकंद आधी येत असेल, तर कुणीतरी सुरुवातीला लोगो किंवा काळी पट्टी जोडली आहे. सगळ्या वेळा दोन सेकंद सरकवल्या की काम झालं. पण पहिलं जागेवर आणि शेवटचं कुठल्या कुठे, असं असेल तर दोष फ्रेम रेटचा आहे.

आमच्या महोत्सवाच्या प्रतीत हेच झालं. फिल्म टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमवर बनली होती. थिएटरच्या प्रतीसाठी २४ हा सर्वात निर्धोक दर, म्हणून फ्रेम तेवढ्याच ठेवून ती थोडी संथ करण्यात आली. १४ मिनिटं झाली १४ मिनिटं ३५ सेकंद. सबटायटलची फाइल मात्र जुनीच गेली. पाचव्या मिनिटाला साडेबारा सेकंदांचा आणि शेवटी ३५ सेकंदांचा फरक. अशा वेळी वेळा सरकवून काही होत नाही, प्रत्येक वेळ २५ भागिले २४ ने गुणावी लागते. सबटायटलच्या बहुतेक संपादकांत फ्रेम रेट बदलण्याची सोय असते, ती नेमकं हेच करते.

हे शूटिंगआधी ठरवलं असतं तर वेळच आली नसती. टीव्ही जिथे २५ चा आहे तिथे वाहिनी हे मुख्य ठिकाण असेल तर २५ वर शूट करा. थिएटर मुख्य असेल तर २४ वर. यूट्यूब आणि इन्स्टाग्राम दोन्ही स्वीकारतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दर बदलू नका, मूळ दरातच फाइल द्या. संहितेत ‘तो फोनवर व्हिडिओ काढतो’ असा प्रसंग असेल आणि खरोखर फोनवर शूट होणार असेल, तर त्या पानावर खूण करा. बरेच फोन ठरलेला दर पाळत नाहीत, उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतात. असं फुटेज टाइमलाइनवर ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे करतं. ओळखायचं असं:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 clip.mp4
```

दोन दर वेगळे दिसले तर क्लिप बहुतेक अस्थिर दराची आहे. एडिटमध्ये घेण्याआधी ती स्थिर दरात बदलून घ्या. एडिट झाल्यावर हे लक्षात आलं तर फार जिवावर येतं.

आणि सबटायटलच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं किंवा चौकटी दिसल्या तर वेळा तपासत बसू नका. प्रश्नचिन्हं असतील तर देवनागरी फाइल बहुधा `UTF-8` मध्ये जतन झालेली नाही, चौकटी असतील तर बहुधा फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत.

उभी क्लिप

इथे गणित सरळ आहे. १९२० बाय १०८० च्या आडव्या फ्रेममधून नऊ-सोळाचा उभा तुकडा पूर्ण उंचीने कापला तर रुंदी मिळते ६०७ पिक्सेल, म्हणजे आडव्या चित्राचा तिसऱ्या हिश्शाहूनही थोडा कमी भाग. टेबलाच्या दोन टोकांना बसून बोलणारी दोन माणसं त्यात कधीच मावणार नाहीत. कितीही चांगला एडिटर असला तरी तो फार तर एकाकडून दुसऱ्याकडे उडी मारेल. शिवाय ६०७ चं चित्र १०८० पर्यंत ताणलं की मऊ पडतं, तेव्हा क्लिप काढायचीच असेल तर तो प्रसंग फोर-केमध्ये शूट करा.

कोणत्या प्रसंगातून क्लिप निघणार हे संहिता वाचतानाच कळतं. बहुधा तो दोन-चार वाक्यांचा जोरदार संवाद असतो. त्या पानावर ‘उभी’ असं लिहून ठेवलं की कॅमेरामन दोघांना जवळ उभं करतो किंवा प्रत्येकाचा वेगळा क्लोजअप घेतो. नामपट्ट्या आणि मजकूर चित्रात पक्का करून टाकलेली एकच प्रत ठेवू नका. मजकुराशिवायचा मास्टर वेगळा काढा. उभ्या क्लिपमध्ये खालच्या भागावर आणि उजव्या कडेवर अ‍ॅपची बटणं आणि मथळा येतो, तिथे लिहिलेलं कुणी वाचू शकत नाही. आडव्यासाठीही मजकूर चारही कडांपासून ५ टक्के आत ठेवा, टीव्हीच्या नियमात तो तसाच बसतो.

संहितेला जोडायचं पान

आमच्या त्या फिल्मसाठी हे पान आधी असतं तर असं दिसलं असतं:

- मुख्य ठिकाण: टीव्ही वाहिनी. शूटिंग आणि टाइमलाइन २५ फ्रेम. वाहिनीचा लेखी कागद मिळाला का? (तोंडी ‘नेहमीचंच द्या’ चालणार नाही.)
- इतर ठिकाणं: यूट्यूब, महोत्सव, उभ्या क्लिप. महोत्सवाला २४ लागणार का, हे शूटिंगआधी विचारणे.
- सर्वात मोठा आवाज: दार, पान ९. आधी दोन सेकंद शांतता.
- सर्वात हळू वाक्य: कुजबुज, पान ६. फोनवर ऐकून तपासणे.
- गाणं: श्रेयनामावली, ९० सेकंद. संवादांपेक्षा ४ डेसिबलहून मोठं नको.
- उभ्या क्लिप: पान ४ आणि पान ११. क्लोजअप वेगळे, फोर-के.
- फोनवरचं फुटेज: पान ७. आधी स्थिर दरात.
- प्रती: मजकुरासह मास्टर, मजकुराशिवाय मास्टर; संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत.
- आवाज: टीव्हीसाठी उणे २३, टोक उणे १ च्या आत. यूट्यूबसाठी उणे १६, टोक उणे १.
- यूट्यूबची फाइल: एमपी४, एच.२६४, १०८० साठी सेकंदाला किमान ८ मेगाबिट, आवाज ४८ किलोहर्ट्झ. वरखाली काळ्या पट्ट्या स्वतः जोडायच्या नाहीत.
- सबटायटल: प्रत्येक फ्रेम रेटसाठी वेगळी फाइल, दर फाइलच्या नावातच.

या ओळींत मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली म्हणजे वेगवेगळ्या पट्ट्यांची. गाणं ८ डेसिबल खाली आणण्याचं काम अर्ध्या तासात झालं, कारण गाणं वेगळं होतं. सगळं एकाच पट्टीत मिसळलेलं असतं तर श्रेयनामावलीखाली चालणारे शेवटचे दोन संवादही त्याच्याबरोबर बुडाले असते आणि मिक्सिंग पुन्हा करावं लागलं असतं.

रंग फिके किंवा काळा भाग फारच काळा दिसला तर बहुधा फाइलवरची रेंजची खूण चुकलेली असते. एक्स्पोर्टमध्ये `Full` निवडलेलं असेल तर `Limited` किंवा `Video` करून अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढून बघा. पूर्ण फिल्म पुन्हा एक्स्पोर्ट करण्याआधी तेवढंच पुरतं.

पाठवण्याआधीची तपासणी टाइमलाइनवर करू नका, पाठवायच्या त्याच फाइलवर करा, आणि तीही एडिटच्या संगणकावर नाही. मी फाइल फोनवर उघडतो आणि यादीतली पानं क्रमाने शोधतो: कुजबुज, दार, गाण्याची सुरुवात, शेवटचं सबटायटल. शेवटचं सबटायटल ओठांशी जुळलं तर मधलीही बहुधा जुळलेली असतात. मग श्रेयनामावली संपेपर्यंत थांबतो, कारण फाइल दोन सेकंद आधीच कापली गेली असेल तर ते फक्त तिथेच कळतं.